जोड्या स्वतंत्र निघाल्या, पण सगळे मिळून?

प्रश्न: सर, मी शिरपूरला एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. 'वेगवेगळ्या आयगेन व्हॅल्यूंचे आयगेन व्हेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट असतात' हे प्रमेय टेस्टमध्ये आलं. मी दोन व्हेक्टर घेऊन दाखवलं की एक दुसऱ्याची पट असेल तर आयगेन व्हॅल्यू सारख्याच निघतात. मग लिहिलं, 'तसेच बाकीच्या जोड्यांसाठी'. सहापैकी दोन मार्क मिळाले. पुस्तकातली सिद्धता वाचताना पटते, पण पुस्तक मिटलं की दुसरी ओळच सुचत नाही. माझं काय चुकलं आणि हे आपल्या मनाने कसं लिहायचं?

उत्तर: विद्यार्थी आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी जळगावकडे एका कॉलेजात हाच विषय शिकवतो आणि या प्रमेयाचे पेपर दरवर्षी तपासतो. धुळे-नंदुरबारकडून आलेली पोरं वर्गात एकच वाक्य म्हणतात, "सर, समजस पन लिखता येत नही." तुझंही दुखणं तेच आहे. फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे तुझी सिद्धता अर्ध्या वाटेवर थांबली, आणि तिथे थांबलो हे तुला दिसलं नाही. दुसरी म्हणजे सिद्धतेची पहिली ओळ कुठून येते आणि दुसरी कुठून, हे कोणी उलगडून सांगितलं नाही. दोन्हींकडे क्रमाने पाहू.

आधी तू जे बरोबर केलंस ते. v₁ आणि v₂ हे आयगेन व्हेक्टर, त्यांच्या आयगेन व्हॅल्यू λ₁ आणि λ₂. समजा v₂ = cv₁. दोन्ही बाजूंना A लावला तर डावीकडे λ₂v₂ येतं आणि उजवीकडे cλ₁v₁, म्हणजेच λ₁v₂. वजाबाकी केली की (λ₂ − λ₁)v₂ = 0. v₂ शून्य नाही, म्हणून λ₂ = λ₁. पण त्या तर वेगळ्या होत्या. इथपर्यंत सगळं चोख आहे. दोन मार्क याचेच.

अडचण आहे ती 'तसेच' या शब्दात. तीन व्हेक्टरमधली प्रत्येक जोडी स्वतंत्र असली, तरी तिघे मिळून स्वतंत्र असतीलच असं नाही. वहीत (1, 0), (0, 1) आणि (1, 1) लिही. कुठलेही दोन उचल, एक दुसऱ्याची पट नाही. तरी तिसरा हा पहिल्या दोघांची बेरीज आहे, म्हणजे तिघे मिळून परस्परांवर अवलंबून आहेत. तू सगळ्या जोड्या तपासल्या असत्या, तरी हाती फक्त 'कोणी कोणाची पट नाही' एवढंच लागलं असतं. प्रमेय त्याहून बरंच जास्त सांगतं. कोणताही एक व्हेक्टर बाकी *सगळ्यांना* हवं त्या प्रमाणात मिसळूनही तयार होत नाही, असं ते म्हणतं. जोड्यांवरून तिथे पोचायचा रस्ताच नाही.

आता याच तीन व्हेक्टरांना जरा छेडून बघ, कारण पुढची सगळी सिद्धता इथे लपलेली आहे. समजा एखाद्या 2×2 मॅट्रिक्स A चे हे तिघेही आयगेन व्हेक्टर आहेत. (1, 0) साठी आयगेन व्हॅल्यू α, (0, 1) साठी β. मग A ने (1, 1) चं काय होईल? (1, 1) ही दोघांची बेरीज आहे, म्हणून A(1, 1) = α(1, 0) + β(0, 1) = (α, β). हा (1, 1) ची पट व्हायचा तर α = β असावं लागेल. म्हणजे α आणि β वेगळे असतील तर (1, 1) आयगेन व्हेक्टर होऊच शकत नाही. A ने पहिल्या भागाला एका मापाने ताणलं, दुसऱ्याला दुसऱ्या मापाने, आणि बेरजेची दिशा बिघडली. जोड्या तपासताना ही गोष्ट कधीच समोर येत नाही. ती बघायला किमान तीन व्हेक्टर लागतात.

आता दुसरी ओळ का सुचत नाही त्याकडे येतो.

सिद्धतेची पहिली ओळ सुचावी लागत नाही, ती व्याख्येतून उचलायची असते. v₁, …, vₖ स्वतंत्र आहेत म्हणजे काय? c₁v₁ + c₂v₂ + … + cₖvₖ = 0 असेल तर प्रत्येक c शून्यच असतो. हे 'असेल तर' या थाटाचं विधान आहे. असं विधान सिद्ध करायचं तर 'असेल' पर्यंतचा भाग गृहीत धरायचा आणि 'तर' नंतरचा मिळवायचा. म्हणून पहिली ओळ ठरलेली: समजा c₁v₁ + … + cₖvₖ = 0. आणि कुठे पोचायचं तेही ठरलेलं: सगळे c शून्य. वहीच्या वरच्या टोकाला पहिली ओळ लिही, खालच्या टोकाला शेवटची. मधली जागा भरायची आहे.

दुसऱ्या ओळीसाठी स्वतःला विचार, या v विषयी मला नेमकं काय माहीत आहे? ते कुठल्या दिशेला आहेत, किती लांब आहेत, एकमेकांशी कोन काय करतात, यातलं काहीच माहीत नाही. माहिती एकच: Avᵢ = λᵢvᵢ. ही माहिती वापरायची तर कुठेतरी A यायला हवा, आणि पहिल्या ओळीत A नाही. तेव्हा तो आणावा लागेल. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना A लाव. यात चतुराई कसली नाही, दुसरं काही करण्यासारखं शिल्लकच नाही. A लावला की मिळतं:

c₁λ₁v₁ + c₂λ₂v₂ + … + cₖλₖvₖ = 0

आता तेच v असलेली दोन समीकरणं हातात आली. दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणं सोडवताना आपण काय करायचो? एका समीकरणाला योग्य संख्येने गुणून दुसऱ्यातून वजा करायचो, म्हणजे एक चल जायचं. इथेही तेच. पहिल्याला λₖ ने गुण, दुसऱ्यातून वजा कर. शेवटचं पद cₖλₖvₖ − cₖλₖvₖ म्हणून नाहीसं होतं. बाकीच्या प्रत्येक पदात cᵢ(λᵢ − λₖ)vᵢ उरतं, आणि λᵢ − λₖ शून्य नाही.

या दोन पायऱ्या एकत्र केल्या तर आपण A − λₖI ही मॅट्रिक्स लावली, असंही म्हणता येतं. मी वर्गात तिला चाळणी म्हणतो. कळण्यासाठी ज्वारी-उडीद एकत्र केलेत आणि अशी चाळणी मिळाली की जिच्यातून फक्त उडीद पडतो, तसं हे आहे. A − λₖI मधून vₖ नेमका गळून पडतो. बाकीचे आपापल्या दिशेत तसेच राहतात, फक्त त्यांचं माप बदलतं, आणि ते माप कधीच शून्य होत नाही. प्रत्येक आयगेन व्हॅल्यूसाठी अशी एक चाळणी तयार करता येते. एकेक चाळणी लावत गेलं की शेवटी एकच व्हेक्टर उरतो, आणि त्याचा c शून्य असण्यावाचून गत्यंतर नसतं.

हे आकड्यांवर केल्याशिवाय हातात बसणार नाही. ही मॅट्रिक्स घे:

```
     [  1  -1   0 ]
A =  [ -1   2  -1 ]
     [  0  -1   1 ]
```

तिच्या आयगेन व्हॅल्यू 0, 1 आणि 3 आहेत. व्हेक्टर अनुक्रमे v₁ = (1, 1, 1), v₂ = (1, 0, −1) आणि v₃ = (1, −2, 1). माझ्यावर विसंबू नकोस, गुणून बघ. उदाहरणार्थ A ला (1, −2, 1) ने गुणलं तर पहिल्या ओळीतून 1 + 2 = 3, दुसरीतून −1 − 4 − 1 = −6, तिसरीतून 2 + 1 = 3. म्हणजे (3, −6, 3), v₃ ची तिप्पट. मुद्दाम अशी मॅट्रिक्स घेतली आहे जिची एक आयगेन व्हॅल्यू शून्य आहे. त्याचं कारण पुढे येईल.

समजा c₁v₁ + c₂v₂ + c₃v₃ = 0. पहिली चाळणी A − 3I:

```
          [ -2  -1   0 ]
A - 3I =  [ -1  -1  -1 ]
          [  0  -1  -2 ]
```

ही v₃ ला लावली तर (−2 + 2, −1 + 2 − 1, 2 − 2) = (0, 0, 0). गेला. v₁ ला लावली तर (−3, −3, −3), म्हणजे −3v₁. v₂ ला लावली तर (−2, 0, 2), म्हणजे −2v₂. हे −3 आणि −2 आले कुठून? 0 − 3 आणि 1 − 3. अगदी λᵢ − λ₃. तेव्हा समीकरण उरलं:

−3c₁v₁ − 2c₂v₂ = 0

आता दुसरी चाळणी A − I. v₂ ची आयगेन व्हॅल्यू 1, म्हणून तो गळतो. v₁ ला 0 − 1 = −1 ने गुणलं जातं. हाती राहतं 3c₁v₁ = 0. v₁ तर (1, 1, 1) आहे, शून्य नाही, म्हणून c₁ = 0. मागे फिरून −2c₂v₂ = 0 मधून c₂ = 0. आणखी मागे, मूळ समीकरणातून c₃ = 0. झालं.

चाणाक्ष विद्यार्थी इथे हात वर करतो, की सर, हे तिघे एकमेकांना लंबच आहेत, मग एवढी खटपट कशाला? आहेत खरे. पण ते A सममित असल्यामुळे. कुठल्याही मॅट्रिक्सचे आयगेन व्हेक्टर लंब असतीलच असं नाही, आणि 'आयगेन व्हेक्टर लंब असतात म्हणून स्वतंत्र' असं पेपरात लिहिलंस तर एवढेही मार्क मिळणार नाहीत. आपण वर लंब असण्याचा कुठेही उपयोग केला नाही, हे परत जाऊन तपास.

तीन व्हेक्टरांसाठी दोन चाळण्या लागल्या. k व्हेक्टरांसाठी k − 1 लागतील. ठिपके टाकून 'असेच पुढे' लिहिलं तर माणसाला कळतं, पण सिद्धता म्हणून ते ढिलं वाटतं. 'असेच पुढे' नीट बांधायची पद्धत म्हणजे इंडक्शन. त्यात एकच चाळणी लावायची, एक व्हेक्टर कमी करायचा, आणि बाकीचं काम 'k − 1 साठी आधीच झालंय' या गृहीतकावर सोपवायचं. मी पेपरात असं लिहीन:

> प्रमेय. A ही n×n मॅट्रिक्स. λ₁, …, λₖ या तिच्या परस्परांहून भिन्न आयगेन व्हॅल्यू आणि v₁, …, vₖ हे त्यांचे अनुक्रमे आयगेन व्हेक्टर. तर v₁, …, vₖ लिनिअरली इंडिपेंडंट असतात.
>
> सिद्धता. k वर इंडक्शन करू.
>
> k = 1 असताना: c₁v₁ = 0 असेल तर v₁ ≠ 0 असल्याने c₁ = 0.
>
> आता k ≥ 2 घेऊ आणि समजू की A च्या k − 1 भिन्न आयगेन व्हॅल्यूंच्या आयगेन व्हेक्टरांसाठी प्रमेय खरे आहे. समजा
>
> c₁v₁ + … + cₖvₖ = 0  …(1)
>
> दोन्ही बाजूंना A लावून, Avᵢ = λᵢvᵢ असल्याने,
>
> c₁λ₁v₁ + … + cₖλₖvₖ = 0  …(2)
>
> (1) ला λₖ ने गुणून (2) मधून वजा केल्यास
>
> c₁(λ₁ − λₖ)v₁ + … + cₖ₋₁(λₖ₋₁ − λₖ)vₖ₋₁ = 0  …(3)
>
> v₁, …, vₖ₋₁ हे k − 1 भिन्न आयगेन व्हॅल्यूंचे आयगेन व्हेक्टर आहेत, म्हणून इंडक्शनच्या गृहीतकानुसार ते इंडिपेंडंट आहेत. त्यामुळे i = 1, …, k − 1 साठी cᵢ(λᵢ − λₖ) = 0. परंतु λᵢ ≠ λₖ, म्हणून cᵢ = 0. हे (1) मध्ये ठेवल्यास cₖvₖ = 0 उरते, आणि vₖ ≠ 0 असल्याने cₖ = 0. म्हणून सर्व cᵢ शून्य आहेत. सिद्धता पूर्ण.

एवढंच. पण लिहून झाल्यावर लगेच पेन खाली ठेवू नकोस. प्रमेयात दिलेली प्रत्येक अट कुठल्या ओळीत वापरली ते शोध. आयगेन व्हेक्टर शून्य नसतो, ही अट दोनदा लागली: k = 1 ला आणि अगदी शेवटी. आयगेन व्हॅल्यू भिन्न आहेत, हीसुद्धा दोनदा: एकदा λᵢ − λₖ ने भागताना, आणि एकदा जरा लपून, 'हे k − 1 *भिन्न* आयगेन व्हॅल्यूंचे आहेत' म्हणत गृहीतक लावताना. एखादी अट तुझ्या सिद्धतेत कुठेच लागली नाही, तर समजायचं की काहीतरी घसरलंय. अटी काढल्या की प्रमेय खरंच पडतं. शून्य व्हेक्टरला आयगेन व्हेक्टर म्हणू दिलं तर तो कुठल्याही λ साठी चालतो, आणि शून्य व्हेक्टर असलेला संच कधीच स्वतंत्र नसतो. आयगेन व्हॅल्यू सारख्या चालू दिल्या तर v आणि 2v दोन्ही एकाच आयगेन व्हॅल्यूचे आयगेन व्हेक्टर आहेत, आणि ते उघडच एकमेकांवर अवलंबून आहेत.

तुझ्या पुस्तकातली सिद्धता बहुधा वेगळ्या वळणाची असेल. समजा ते अवलंबून आहेत, मग असा *सर्वात लहान* m घेऊ की v₁, …, vₘ अवलंबून आहेत, आणि शेवटी विसंगती. ती आणि ही, दोन्ही एकच आहेत. 'सर्वात लहान' म्हणताच v₁, …, vₘ₋₁ स्वतंत्र आहेत हे फुकटात मिळतं, आणि इंडक्शनचं गृहीतक आपल्याला नेमकं तेच देत होतं. पुढे vₘ = a₁v₁ + … + aₘ₋₁vₘ₋₁ लिहायचं, A लावायचा, λₘ ने गुणून वजा करायचं, सगळे a शून्य येतात, मग vₘ = 0, आणि ही विसंगती.

सर्वांत जास्त पेपर मी इथेच कापतो, म्हणून जरा थांबतो. मुलं 'सर्वात लहान' हे शब्द गाळतात. लिहितात: समजा v₁, …, vₖ अवलंबून आहेत, म्हणून vₖ = a₁v₁ + … + aₖ₋₁vₖ₋₁. A लावतात, वजाबाकी करतात, बरोबर a₁(λ₁ − λₖ)v₁ + … + aₖ₋₁(λₖ₋₁ − λₖ)vₖ₋₁ = 0 पर्यंत येतात आणि पुढच्या ओळीत ठोकून देतात, 'म्हणून सर्व aᵢ = 0'. का म्हणून? v₁, …, vₖ₋₁ स्वतंत्र आहेत हे तुला कोणी सांगितलं? सांगितलेलं नाही. हे तर सिद्ध करायच्या प्रमेयाचाच तुकडा वापरणं झालं. वरून सिद्धता अगदी खरी दिसते, प्रत्येक समीकरण बरोबर असतं, पण मधला खांब नसतो. स्वतःची सिद्धता तपासताना 'म्हणून गुणांक शून्य' ही ओळ आली की बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे व्हेक्टर स्वतंत्र आहेत हे मला कुठून मिळालं. उत्तर 'इंडक्शनच्या गृहीतकातून' किंवा 'm सर्वात लहान घेतल्यामुळे' असं द्यायला आलं पाहिजे. देता आलं नाही तर सिद्धता उभी नाही. याच चुकीत आणखी एक फट असते: संच अवलंबून असला तरी *शेवटचाच* व्हेक्टर बाकीच्यांतून निघेल असं नाही, कोणीतरी एक निघतो. m सर्वात लहान घेतल्यावर मात्र तो शेवटचाच असतो, कारण vₘ चा गुणांक शून्य असता तर त्याच्या आधीचेच आपसात अवलंबून ठरले असते.

दुसरी चूक शून्याची. (1) ला λₖ ने *गुणण्याऐवजी* काही जण (2) ला λₖ ने *भागतात*. वजाबाकी तीच येते असं वाटतं, पण λₖ = 0 असेल तर? वरच्या उदाहरणात v₁ ची आयगेन व्हॅल्यू शून्यच होती. v₁ ला शेवटच्या जागी ठेवून भागायला गेलास तर शून्याने भागशील. गुणायला गेलास तर काहीच बिघडत नाही. λₖ = 0 असताना (3) म्हणजे (2)च, कारण A − 0·I म्हणजे A, आणि A स्वतःच v₁ ला गाळते. शून्य ही आयगेन व्हॅल्यू असू शकते, आयगेन *व्हेक्टर* मात्र शून्य नसतो. या दोन शून्यांची गल्लत पेपरात फार होते.

तिसरी, किरकोळ पण मार्क खाणारी: 'समजा अवलंबून आहेत, म्हणजे सर्व cᵢ ≠ 0'. नाही. अवलंबून असणं म्हणजे *किमान एक* cᵢ शून्य नाही. बाकीचे शून्य असू शकतात. सरळ इंडक्शनने लिहिलं तर हा नकार लिहायची वेळच येत नाही, आणि नवख्या विद्यार्थ्याला मी तीच पद्धत सुचवतो त्याचं हे एक कारण आहे.

कुठली पद्धत लिहायची हे थोडं तुझ्या सरांवर आणि अभ्यासक्रमावरही अवलंबून आहे. इंडक्शन आणि 'सर्वात लहान m', दोन्ही कुठेही चालतात. काही जण (1) ला A एकदा, दोनदा, असं k − 1 वेळा लावून k समीकरणं तयार करतात आणि व्हॅन्डरमाँड डिटरमिनंट शून्य नाही असं म्हणून एका झटक्यात संपवतात. ते बरोबर आहे आणि छोटंही आहे. मात्र तो डिटरमिनंट का शून्य नाही हे वर्गात झालेलं नसेल, तर तपासणारा ते मागणार, आणि मग तुझं काम कमी न होता वाढेल. A सममितच असेल असं प्रश्नात दिलं असेल तर लंब असण्याचा रस्ताही खुला आहे. न दिलेलं असताना तो घेऊ नकोस.

उलट दिशेबद्दलही बोललं पाहिजे, कारण तोंडी परीक्षेत ते हमखास विचारतात. प्रमेय म्हणतं, आयगेन व्हॅल्यू भिन्न असतील *तर* व्हेक्टर स्वतंत्र. व्हेक्टर स्वतंत्र असतील तर आयगेन व्हॅल्यू भिन्न, असं ते म्हणत नाही. I ही मॅट्रिक्स घे. तिची आयगेन व्हॅल्यू एकच, 1, आणि (1, 0), (0, 1) दोन्ही तिचे आयगेन व्हेक्टर. आयगेन व्हॅल्यू तीच असली तरी व्हेक्टर स्वतंत्र असू शकतात. तेव्हा 'ही 3×3 मॅट्रिक्स डायगोनलाइझ होते का' असं विचारलं आणि तीन भिन्न आयगेन व्हॅल्यू निघाल्या, तर हे प्रमेय लावून लगेच 'हो' म्हणायचं. दोनच निघाल्या तर 'नाही' म्हणायचं नाही. तेव्हा आयगेन व्हेक्टर प्रत्यक्ष काढून मोजावे लागतात.

आता पुस्तक मिटून करायला एक काम देतो. सिद्धतेत A ही n×n मॅट्रिक्स आहे हे कुठे लागलं ते शोध. कुठेच लागलेलं नाही. आपण A बेरजेतून आत नेला, c बाहेर ठेवला, एवढंच केलं. म्हणजे A च्या जागी असं वागणारं दुसरं काहीही चालेल. डेरिव्हेटिव्ह घेणं हेही असंच वागतं: बेरजेचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हांची बेरीज, आणि स्थिर संख्या बाहेर येते. त्याला D म्हण. मग D(e^(λx)) = λe^(λx), म्हणजे e^(λx) हा D चा आयगेन व्हेक्टर आणि λ त्याची आयगेन व्हॅल्यू. डिफरन्शिअल इक्वेशनच्या तासाला eˣ, e²ˣ, e⁵ˣ स्वतंत्र आहेत हे दाखवायला तुम्ही रॉन्स्कियन काढता. या वेळी तो काढू नकोस. c₁eˣ + c₂e²ˣ + c₃e⁵ˣ = 0 लिही, हे सर्व x साठी खरं आहे असं समज. आधी D − 5 लाव. मिळेल −4c₁eˣ − 3c₂e²ˣ = 0. मग D − 2 लाव. मिळेल 4c₁eˣ = 0, आणि eˣ शून्य कधीच नसतो. इथून मागे फिरून c₂ आणि c₃ तू काढ. ते जमलं की वरच्या चौकटीतल्यासारखी, भिन्न λ₁, …, λₖ साठी, इंडक्शनची पूर्ण सिद्धता न बघता लिही आणि इथेच टाक. 'म्हणून गुणांक शून्य' या ओळीपाशी कारण लिहिलंयस का, ते मी आधी बघेन.